नव्या कंपनीचं जॉइनिंग पोर्टल: काही महिने वापरल्यावर

नोकरी बदलली की पहिल्या आठवड्यात या पोर्टलशी गाठ पडतेच. माहिती भरून झाली की बहुतेकजण ते विसरून जातात. पगाराच्या स्लिपा आणि रजा याच पोर्टलवर असल्यामुळे मी ते गेले काही महिने रोज उघडतोय, आणि सुरुवातीला भरलेल्या माहितीचं पुढे काय होतं हे आता नीट दिसतंय.

आधी बँकेचा भाग, कारण तो खरंच चांगला केलाय. खाते क्रमांक दोनदा लिहावा लागतो आणि दुसऱ्यांदा कॉपी-पेस्ट चालत नाही. आयएफएससी टाकला की शाखेचं नाव समोर येतं. या ११ अक्षरी कोडचं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. तिथे इंग्रजी 'ओ' टाकला तर पोर्टल लगेच अडवतं. मग खात्यात १ रुपया येतो आणि बँकेतलं नाव पॅनवरच्या नावाशी जुळतंय का ते तपासलं जातं. बँक विलीन झाली असेल तर मात्र जुन्या चेकबुकावरचा कोड उतरवू नका, नवा कोड बँकेच्या अॅपमध्ये बघून घ्या.

खरी गोम पीएफच्या पानावर आहे. तिथे 'आधीचा पेन्शन क्रमांक' अशी एकच चौकट आहे. त्यात यूएएन टाकायचा, मेंबर आयडी टाकायचा की आणखी काही, हे कुठेच लिहिलेलं नाही. यूएएन १२ अंकी असतो आणि नोकऱ्या बदलल्या तरी तोच राहतो. मेंबर आयडी प्रत्येक कंपनीत नवा मिळतो आणि त्याची सुरुवात अक्षरांनी होते. पीपीओ क्रमांकही १२ अंकीच असतो, पण तो पेन्शन सुरू झालेल्यांचा. इथे यूएएन हवा असतो. जुना मेंबर आयडी शेरा म्हणून खाली लिहून ठेवलेला बरा.

त्याखाली एक लहानसा प्रश्न आहे: 'यापूर्वी ईपीएस १९९५ चे सदस्य होता का?' ईपीएस म्हणजे पीएफसोबत चालणारी पेन्शन योजना. उत्तर आधीपासूनच 'नाही'वर ठेवलेलं. हा प्रश्न मुळात फॉर्म ११ मधला, म्हणजे रुजू होताना भरायच्या पीएफच्या घोषणापत्रातला, आणि अख्ख्या पोर्टलवर सर्वात महागात पडू शकणारा. १ सप्टेंबर २०१४ पासून पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याचा पीएफसाठी धरला जाणारा पगार १५,००० रुपयांच्या वर असेल, तर त्याला पेन्शन योजनेत घेत नाहीत. जो आधीपासून सदस्य आहे, त्याचं सदस्यत्व पुढे चालू राहतं. त्यामुळे जुन्या सदस्याच्या नावापुढे 'नाही' राहिलं की नवी कंपनी त्याला नवखा समजते.

माझ्यासोबत रुजू झालेल्या एका सहकाऱ्याचं हेच झालं. मूळ पगार ४०,००० धरा. आमच्याकडे पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापतात, म्हणजे कंपनीचा १२ टक्के वाटा ४,८०० रुपये. त्यातले १,२५० पेन्शनला आणि ३,५५० पीएफला जायला हवेत. त्याच्या पीएफच्या पासबुकात अख्खे ४,८०० पीएफच्या रकान्यात आणि पेन्शनच्या रकान्यात शून्य! हातात येणारा पगार तेवढाच, स्लिपेवर कपातही तेवढीच, मग कळणार कसं? पेन्शनचा हक्क लागायला १० वर्षांची सेवा लागते, आणि अशा शून्याच्या महिन्यांत पेन्शनची वर्गणी जमाच होत नाही. दुरुस्ती कर्मचाऱ्याच्या हातात नाही, कंपनीला करावी लागते, आणि जितके महिने उलटतील तितके जास्त महिने दुरुस्त करावे लागतात. उलटंही होतं. जो कधीच सदस्य नव्हता त्याने उगाच 'होय' केलं तर न लागणारी वर्गणी पेन्शन खात्यात जाऊन बसते.

ओळखायची खूण सोपी आहे. जुन्या नोकरीच्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात दरमहा रक्कम दिसत असेल तर उत्तर 'होय'. नवीन नोकरीची पहिली वर्गणी जमा झाली की तोच रकाना पुन्हा बघा. त्याच वेळी जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलीय का तेही पाहा. नसेल भरली, तर नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर ती आपली आपल्याला भरता येते.

आपत्कालीन संपर्काचं पान साधं आहे. दोन नावं द्या म्हणतं, आणि दोन्हीला एकच मोबाइल नंबर चालवून घेतं, ही ढिलाईच. एक नंबर घरातला आणि एक घराबाहेरच्या कुणाचा तरी असलेला बरा, कारण अपघातात घरची माणसं सोबतच असू शकतात. इथे नाव दिलं म्हणजे ती व्यक्ती पीएफची वारस झाली, असा समज आमच्याकडे बऱ्याच जणांचा निघाला. तसं काही होत नाही. पीएफचं नामनिर्देशन ईपीएफओच्या संकेतस्थळावर वेगळं करावं लागतं, आणि या पोर्टलने तसं एका ओळीत सांगायला हरकत नव्हती.

एकूण पाचपैकी तीन तारे देतो. बँकेच्या भागाला पूर्ण गुण, पीएफचे दोन कापले. 'नाही' हे आधीच निवडलेलं उत्तर काढून चौकट रिकामी ठेवा, असं मी एचआरला लिहून दिलंय. पुढच्या बॅचच्या फॉर्मवर मात्र ते अजून तसंच दिसतंय.