निकालाची पोस्ट बरोबर एकला: वेबसाईट, फेसबुक का टेलिग्राम?

दहावी-बारावीचा निकाल बोर्ड साधारण आदल्या दिवशी सांगतं, की उद्या दुपारी एकला ऑनलाईन दिसणार. २०२४ ला बारावी २१ मे आणि दहावी २७ मे, २०२५ ला ५ मे आणि १३ मे, तारखा हलल्या पण वेळ चारही वेळा दुपारी १. म्हणजे क्लासवाल्याच्या हातात तयारीला एक संध्याकाळ असते आणि तेवढ्यात पोस्ट बनवून, वेळ लावून मोकळं व्हायचं असतं. मी नांदेडात एका क्लासचं हे ऑनलाईन काम बघतो, तिन्ही प्रकार वापरून झालेत, म्हणून जे दिसलं ते लिहितोय. तुमच्याकडं वेगळा अनुभव असू शकतो.

आधी एक वेगळं करून घ्या. निकालाच्या दिवशी आपल्या दोन पोस्ट असतात. एक एकची, "निकाल लागला, या लिंकवर बघा, सीट नंबर आणि आईचं नाव जवळ ठेवा, बघून झालं की स्क्रीनशॉट क्लासच्या नंबरवर टाका" अशी. दुसरी संध्याकाळची, पोरांचे फोटो आणि टक्के असलेली. दुसरी शेड्यूल करताच येत नाही, मार्कच माहीत नसतात. तेव्हा बोलायचं ते पहिलीबद्दल, आणि पहिलीची सगळी किंमत वेळेत आहे. पाऊणला टाकली तर लिंक उघडत नाही म्हणून पालक आपल्यालाच फोन करतात, दीडला टाकली तर तोवर दुसऱ्या क्लासची पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरून झालेली असते.

फेसबुक-इन्स्टाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात तक्रार अशी फारशी नाही. मेटा बिझनेस सूटमधून दोन्हीकडं एकदम वेळ लावता येते, फुकट आहे, आणि पोस्ट वेळेवर जाते असाच माझा अनुभव. प्रश्न पोस्ट जाण्याचा नाही, दिसण्याचा आहे. एकला गेलेली पोस्ट कंधारच्या पालकाच्या फीडमधी कधी वर येईल ते फेसबुक ठरवतं, ती रात्री जेवताना पण दिसू शकते. आणि इन्स्टाच्या कॅप्शनमधी लिंक टाकली तर ती दाबताच येत नाही, नुसती अक्षरं. निकालाच्या पोस्टीत लिंकच दाबता येईना तर मग राहिलं काय. क्लासचं नाव व्हायला, संध्याकाळच्या फोटोंना हे बेस्ट, एकच्या कामाला मी तरी धरत नाही.

आता वेबसाईट. बहुतेक क्लासची वेबसाईट वर्डप्रेसवरच असते आणि त्यात पोस्टला वेळ लावायची सोय आधीपासून आहे. दिसायला एकदम सोपं. आधी टाईमझोन मात्र बघून घ्या, Settings मधी General मधी तो UTC+0 वर राहिलेला असेल तर एकला लावलेली पोस्ट आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेसहाला जाते. तिथं यादीतून Kolkata निवडायचं, झालं. हे एकदाचं काम आहे, याचा राग नाही.

राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि माझा निर्णय त्यावरच झाला. दहावीच्या निकालाला पोस्ट एकला लावलेली, नावं-लिंका सगळं तपासलेलं. सव्वाला मुखेडहून एका पालकाचा फोन, "सर, मी कवापासून बघायलोय, तुमच्या वेबसाईटवर तर काहीच दिसना गेलंय." मी लॉगिन करून बघितलं तर पोस्टच्या पुढं Missed schedule लिहिलेलं. म्हणून पान रिफ्रेश केलं तर पोस्ट पब्लिश झालेली! होस्टिंगवाल्याला फोन लावला तर त्यानं आपल्या बाजूनं बघितलं आणि म्हणाला, सर पोस्ट तर लाईव्ह आहे, टाईम पण एकचाच दिसतोय. आता काय बोलणार.

मग खोदून बघितलं तेव्हा कळलं की वर्डप्रेसमधलं शेड्यूल हे घड्याळावर चालतच नाही. त्याला डब्ल्यूपी-क्रॉन म्हणतात, आणि ते कोणी साईटवर आलं की मगच जागं होतं, आल्या-आल्या बघतं की कुठलं काम राहिलंय का आणि असलं तर उरकतं. कोणीच आलं नाही तर काम तसंच पडून. तुम्ही म्हणाल निकालाच्या दिवशी तर गर्दी असते, मग अडचण काय. गंमत तिथंच आहे. साईट फास्ट व्हावी म्हणून आपण कॅशे लावलेला असतो, म्हणजे येणाऱ्याला आधीच तयार करून ठेवलेलं पान दिलं जातं आणि आतलं वर्डप्रेस चालायची गरजच पडत नाही. हजार पालक येऊ द्या, सगळ्यांना जुनं पान मिळतं आणि क्रॉनला उठवायला कोणीच जात नाही. उठवतो कोण, तर आपण, लॉगिन करून. ॲडमिनचं पान कॅशेमधून येत नाही, तिथं वर्डप्रेस खरंच चालतं, त्यामुळं बघायला गेलं की त्याच धक्क्यानं पोस्ट सुटते. आणि पोस्टवर छापलेली वेळ सुटायची नसते, आपण लावलेली असते, म्हणून सव्वाला निघालेली पोस्ट पण एकची दिसते. उशीर झाला हे साईट बघून सिद्धच करता येत नाही, पुरावा काय तर त्या पालकाचा कॉल लॉग.

याला उपाय आहे, नाही असं नाही. wp-config.php मधी ही ओळ टाकायची:

```php
define( 'DISABLE_WP_CRON', true );
```

आणि होस्टिंगच्या सीपॅनेलमधी क्रॉन जॉब लावायचा, साईटचं नाव आपलं टाकून:

```
*/5 * * * * wget -q -O - "https://example.com/wp-cron.php?doing_wp_cron" >/dev/null 2>&1
```

म्हणजे दर पाच मिनिटाला सर्व्हर स्वतःच वर्डप्रेसला उठवतो, पाहुण्याची वाट बघत नाही. यातली खोच अशी की स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर दर मिनिटाचा क्रॉन बऱ्याचदा देत नाहीत, पाच किंवा पंधरा मिनिटाचा देतात. आता समजा पाचचा आहे आणि पोस्ट बरोबर १:०० ला लावली. क्रॉन पण १:०० लाच उठणार, तो एखाद्या सेकंदानं आधी उठला तर त्याच्या लेखी पोस्टची वेळ अजून झालेलीच नाही, तो झोपणार आणि पोस्ट १:०५ ला जाणार. म्हणून पोस्ट १२:५९ ला लावायची, म्हणजे एकच्या फेरीत नक्की सापडते. क्रॉन पंधराचा असला तरी हीच युक्ती चालते, कारण एक ही त्याची पण फेरी आहेच. पण निकाल साडेबाराला किंवा एक वाजून दहाला उघडला की हे गणित परत मांडा. शिवाय पोस्ट निघाली तरी मुख्य पानाचा कॅशे साफ झालाय का ते बघा, मधी पानाची नक्कल दुसऱ्या सर्व्हरवरून देणारा एखादा सीडीएन असेल तर त्याचा पण. मोबाईलमधी इन्कॉग्निटो उघडून बघितलं की कळतं, नेहमीच्या ब्राउझरमधी लॉगिन असल्यानं आपल्याला सगळं ताजंच दिसतं.

एवढं सगळं केल्यावर ते चालतं, मी खोटं बोलणार नाही. पण माझं मन उडालं ते यानं की १२:५५ पासून लॅपटॉप उघडून बसावंच लागतं, गेली का नाही गेली. मे महिन्यात दुपारी एकला आमच्याकडं लाईट असेलच याची गॅरंटी कोण देणार. बसूनच राहायचं असेल तर शेड्यूल कशाला, हातानंच टाकतो की.

टेलिग्रामला हीच कटकट नाही. चॅनेलमधी मेसेज लिहायचा, पाठवायचं बटण दाबून धरायचं, Schedule Message, तारीख-वेळ, संपलं. मेसेज त्यांच्या सर्व्हरवर जाऊन बसतो, आपला फोन बंद असो नाहीतर किनवटच्या रस्त्यावर रेंजबाहेर असो, तो जातो. गेला की आपल्याला नोटिफिकेशन पण येतं. सेकंद मोजत मी बसलो नाही, पण घड्याळात एक वाजलेला आणि मेसेज आलेला हे बरोबरच दिसतं. लिंक दाबता येते, आणि फीडबीड काही नाही, आलेला मेसेज सगळ्यात खाली, सगळ्यांना सारखा.

आणि खरी मजा नीटच्या वेळी. बोर्डाचं निदान आदल्या दिवशी कळतं, नीटचं तसं नाही. २०२४ ला वेळापत्रकात १४ जून होता आणि निकाल ४ जूनलाच आला, लोकसभेची मतमोजणी चालू होती त्याच दिवशी. असल्या निकालाला कुठलंच घड्याळ कामाचं नाही. तिथं मी मेसेज तयार करून मुद्दाम पुढच्या महिन्यातली तारीख लावून ठेवतो, निकाल उघडला की शेड्यूल केलेल्या यादीत जाऊन त्या मेसेजवर Send Now. फोनवरून दोन टॅप, चहाच्या टपरीवर उभं राहून होतं. बोर्डाच्या दिवशी पण हेच उलट्या बाजूनं उपयोगी पडतं, वेळ पुढं ढकलली असं कळलं तर त्याच यादीत Reschedule करायचं. वर्डप्रेसमधी हे होतच नाही असं नाही, पण लॉगिन, एडिट, वेळ बदल, परत कॅशे, त्यात भर उन्हात फोनची स्क्रीन धड दिसत नसते.

टेलिग्रामची मोठी उणीव सांगायलाच पाहिजे, पालक तिथं नाहीत. पोरं आहेत, नोट्सच्या पीडीएफसाठी अकरावी-बारावीचं बहुतेक पोरगं टेलिग्रामवर असतंच, पण दहावीच्या पोराचा बाप व्हॉट्सॲपवर. तुमचा क्लास फक्त आठवी ते दहावीचा असेल तर माझ्या सल्ल्याचा भाव थोडा कमी करा. व्हॉट्सॲपला वेळ लावून देणारी बाहेरची ॲप मिळतात, पण ती ॲक्सेसिबिलिटीची परवानगी घेऊन आपल्याऐवजी स्क्रीनवर बटणं दाबतात, त्यासाठी फोन चालू आणि लॉक उघडा ठेवावा लागतो, क्लासच्या सगळ्या चॅट असलेल्या फोनला असली परवानगी मी तरी देणार नाही. ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, पण एका लिस्टमधी २५६ च लोक आणि ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो.

सध्या आमच्याकडं असं चालतं की वेबसाईटवर निकालाचं एक कायमचं पान आहे, ते आधीच पब्लिश केलेलं असतं, त्याला वेळ लावायची भानगडच नाही. त्यावर mahresult.nic.in, डिजिलॉकर आणि बाकीच्या लिंका आदल्या रात्री टाकून कॅशे साफ करतो. एकला टेलिग्रामचा मेसेज आपोआप जातो, त्यात बोर्डाची लिंक आधी आणि आपल्या पानाची नंतर, कारण एक वाजता बोर्डाची साईट हमखास अडकते आणि पोरं मग दुसरी लिंक शोधतात. ऑफिसातल्या मॅडमला मेसेज आला की तोच मजकूर उचलून त्या व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर टाकतात, पाच-सात मिनिटं मागं राहतं, तेवढं चालतं. सरांना अजून पण वाटतं की वेबसाईटवर पहिल्यांदा यायला पाहिजे, क्लासचं वजन वाटतं म्हणे. तुमच्या सरांचं पण तसंच असेल तर क्रॉनच्या त्या दोन्ही ओळी टाका आणि पोस्ट १२:५९ ला लावा.