रात्रीच्या रिफंड जॉबला लिमिट: मध्येच थांबवायचं की आधीच अडवायचं?

आमच्याकडे रात्री रिफंडचा जॉब चालतो, रोजचे साधारण 40 होतात म्हणून लिमिट 100. एकदा पेमेंट स्टेटसची फाईल रिकामी आली, आणि जॉबला वाटलं सगळ्याच ऑर्डरी फेल, म्हणजे 2,300 रिफंड! पहिला प्रकार मोजत मोजत जाणारा, 100 झाले की थांबतो, rsync चं `--max-delete=100` असंच वागतं, 100 डिलीट करून बाकीचे सोडतं आणि एक्झिट कोड 25 देतं. पण ते 100 तर चुकीचेच गेले ना, आणि तो कोड कोणी बघितलाच नाही तर दुसऱ्या रात्री अजून 100.

दुसरा प्रकार आधी यादी मोजतो, 100 च्या वर गेली की एकही रिफंड न करता माणसाला मेसेज टाकतो. खरे 40 सकाळपर्यंत अडकतात, कस्टमर वैतागतात, पण पैसे परत मागत फिरण्यापेक्षा बरं, मी तरी हाच घेईन. फक्त टाइमआऊट झाल्यावर तोच रिफंड रिट्रायमध्ये दोनदा गेला तर यादीची मोजणी ते पकडत नाही, त्यामुळे पहिल्या प्रकारातला आतला काउंटरही काढू नका, प्रत्येक प्रयत्न त्यात मोजा.