दोन्ही पायांवर सूज: दोष शिरांचा की हृदय, किडनी, लिव्हरचा?

संध्याकाळी घोटे सुजतात, मोज्याचा वळ उठतो, नडगीवर अंगठा दाबून धरला की खळगा पडतो. एवढ्यावरून कारण ठरवू नका. खळगा दोन्ही प्रकारांत पडतो आणि दिवसभर उभं राहिलं की अंगातलं जादा पाणी पायांतच उतरतं. खरा फरक दिसतो तो रात्री आडवं झाल्यावर.

शिरांच्या झडपा निकामी झाल्या असतील तर पाय वर घेऊन झोपल्यावर पाणी रक्तात परततं, लघवीवाटे निघून जातं आणि सकाळी पाय बरेच हलके वाटतात. बाकी शरीराला त्याचा त्रास नसतो. सूज बहुधा एका पायावर जास्त असते. जुन्या दुखण्यात घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तपकिरी, कडक होते, खाजते, पुढे तिथेच जखम होऊन चिघळते.

हृदय कमजोर असेल तरीही सकाळी सूज थोडी ओसरू शकते, आणि इथेच फसगत होते. पायांतून परतलेलं पाणी हृदयाला पुढे ढकलता येत नाही, ते फुप्फुसात साठतं. झोपल्यावर तासा-दोन तासांनी दम लागून उठून बसावं लागतं, उशा वाढवाव्या लागतात. बसलेलं असतानाही मानेच्या शिरा फुगलेल्या दिसतात, वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढतं.

किडनीतून प्रथिनं गळत असतील तर सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, लघवीला टिकून राहणारा फेस येतो. लिव्हरच्या आजारात पोटात पाणी भरतं, पाय बऱ्याचदा त्यानंतर सुजतात, डोळेही पिवळे दिसू शकतात.

समजा, साठीच्या एका बाईंना वीस वर्षं व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे पायांवर फुगलेल्या शिरा आहेत. पाय सुजणं घरच्यांच्या सवयीचं झालंय. महिनाभरात सूज गुडघ्यापर्यंत चढली, सकाळीही उतरेना, एका उशीच्या तीन झाल्या. घरचे म्हणतील, शिरांचंच वाढलं असेल, घट्ट स्टॉकिंग आणू. मला हीच सगळ्यात धोक्याची चूक वाटते. शिरांच्या सुजेवर स्टॉकिंग हा चांगला उपाय आहे, पण हृदय आधीच थकलेलं असेल तर पायांतलं पाणी दाबून वर पाठवलं की दम वाढू शकतो. शिरा खराब आहेत म्हणून हृदय ठीक आहे, असं होत नाही. त्यांनी आधी फिजिशियनकडे जावं. लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या (त्यात रक्तातलं अल्ब्युमिन) आणि हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टू-डी इको आधी, शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारा डॉप्लर नंतर.

रक्तदाबावर अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर तेही सांगावं. त्याने दोन्ही घोटे सुजतात आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ती सूज फारशी उतरत नाही. गोळी मात्र मनाने बंद करू नये.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे डॉप्लर त्याच दिवशी हवा. आणि बसल्या जागी दम लागत असेल, छातीत दुखत असेल, तर सूज एका पायावर असो वा दोन्ही, थेट इमर्जन्सीत जावं.