करपलेलं दूध: स्टीलला एक उपाय, नॉनस्टिकला दुसरा

बुडाला लागलेला थर ही नुसती काजळी नसते. त्यात दुधातली प्रथिनं, जळलेली साखर आणि कॅल्शियमचे क्षार एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. प्रथिनं सोड्याने सैल होतात, क्षार आंबटाने. म्हणून सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढण्यात काही हशील नाही. दोघं एकमेकांचा जोर संपवतात. ते एकामागून एक वापरायचे.

समजा, 2 लिटरच्या स्टीलच्या पातेल्यात दूध तापवताना मधोमध तळहाताएवढा काळा डाग पडला. त्यात अर्धा लिटर पाणी आणि 1 मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून मंद आचेवर 10 मिनिटं उकळा. पाणी तपकिरी होतं, थराच्या कडा उचलू लागतात. गॅस बंद करून अर्धा तास तसंच ठेवा. मग लाकडी उलथनं बुडाशी सपाट धरून ढकला, थर पापुद्र्यासारखा सुटतो. काही उरलंच तर ताजं पाणी आणि सोडा घालून पुन्हा उकळा, पण खरवडू नका. शेवटी पांढुरके किंवा इंद्रधनुषी डाग दिसले तर पाण्यात 2 चमचे व्हिनेगर घालून 5 मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका. तारेच्या घासणीने पातेलं लवकर निघतं खरं, पण तिचे ओरखडे राहतात आणि पुढचं दूध नेमकं तिथेच लागतं. साध्या लोखंडी तारेची असेल तर तिचे कण अडकून तांबूस गंजाचे ठिपकेही येतात. मीठ घातलेलं पाणीही रात्रभर ठेवू नका, स्टीलला बारीक खड्डे पडू शकतात.

नॉनस्टिकचं गणित वेगळं आहे. स्टील ओरखडलं तरी स्टीलच राहतं, इथे मात्र वरचा पातळ लेप गेला की गेला. म्हणून पहिलं काम थांबण्याचं. तापलेल्या पॅनवर गार पाणी ओतलं तर बूड वाकतं आणि पॅन शेगडीवर डुगडुगतो. पूर्ण निवल्यावर कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घालून 2 तास भिजवा. बहुतेक वेळा थर मऊ स्पंजनेच निघतो. नाही निघाला तर 2 कप पाण्यात 1 लहान चमचा सोडा घालून अगदी मंद आचेवर, वाफ येईल इतपतच, 5 मिनिटं ठेवा आणि सिलिकॉनच्या उलथन्याने हलकेच सरकवा. हिरवी खरखरीत घासणी आणि राख इथे वर्ज्य. धुण्याचा सोडाही नको, कारण लेप जिथे उडालाय तिथलं ॲल्युमिनियम तो खातो आणि काळं पाडतो.

घासता घासता डाग राहिलाय की लेप गेलाय हे कळेनासं झालं, तर सुक्या पॅनवर बोट फिरवा. उंचवटा लागला तर दूध अजून आहे, पुन्हा भिजवा. बोटाला खळगा लागून खाली चंदेरी धातू दिसला, तर तिथे लेपच उरलेला नाही. तो पॅन स्वयंपाकातून काढा आणि रोजच्या दुधासाठी जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या.