पाला अंथरायचा, कुजवायचा की फांद्या बारीक करायच्या? कोल्हापूरच्या हवेचा हिशोब

बागेतला पाला जाळायचा नाही, इथपर्यंत आता बऱ्याच घरांत ठरलेलं असतं. उघड्यावर कचरा जाळला तर ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५ हजार रुपये दंड, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच दिला आहे. तरी ‘राख झाडांना चांगली असते की’ म्हणणारं कुणीतरी भेटतंच. राखेत पालाश आणि चुना राहतो हे खरं, पण पानातलं नत्र जवळपास सगळं धुरातून जातं, आणि माती भुसभुशीत करणारा सेंद्रिय भाग तर उरतच नाही.

न जाळता करायचं काय, याला तीन पर्याय आहेत: पाला झाडाखाली अंथरणं म्हणजे आच्छादन, पाला साठवून त्याचं पानखत म्हणजे लीफ मोल्ड करणं, आणि फांद्या यंत्रातून बारीक करणं. यातलं कुठलं निवडायचं हे आपल्याकडे काय पडतं आणि कधी पडतं, यावर ठरतं. लीफ मोल्डची बहुतेक माहिती थंड देशांतून येते. तिथं पानगळीनंतर लगेच ओला हिवाळा असतो, त्यामुळे ढीग आपोआप भिजत राहतो. कोल्हापुरात पानगळीचा जोर फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि त्यानंतर तीन महिने कोरडा उन्हाळा. पाऊस येतो जूनमध्ये, आणि तोही धो-धो. हे गणित लक्षात घेतलं की निम्मा निर्णय झाला.

म्हणून माझ्या मते पहिला मान आच्छादनाला. पाला पडतो नेमका तेव्हाच, जेव्हा मातीतली ओल उडून जाणार असते. शेतकऱ्यांना हे नवीन नाही. उसाच्या खोडव्यात पाचट न जाळता सरीत ठेवायचं, तेच इथं आंब्याच्या आळ्यात करायचं. आधी आळ्याला भरपूर पाणी द्यायचं आणि मग पाला पसरायचा. कोरड्या मातीवर अंथरला तर वरून दिलेलं थोडं पाणी पाला स्वतःच पिऊन टाकतो आणि मुळाशी काही पोचत नाही. थर दोन ते तीन इंच पुरे. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवायचीच, नाहीतर साल सतत ओली राहून कुजते आणि वाळवीलाही आडोसा मिळतो.

बदाम, फणस, साग अशी मोठी पानं आख्खी टाकू नका. ती कौलांसारखी एकावर एक बसतात आणि पाणी बाजूने वाहून जातं. उन्हात कडक वाळलेली पानं पोत्यात भरून पायाने तुडवली की त्यांचा चुरा होतो, त्याला यंत्र लागत नाही.

आच्छादनाची अडचण येते पावसाळ्यात. जुलैच्या झडीत पानांचा थर चिकटून लगदा होतो, खाली हवा जात नाही आणि गोगलगायींना लपायला जागा मिळते. सकाळी थर उचलून बघा. आंबूस वास आला किंवा रोपांच्या पानांवर भोकं आणि चकाकणारे चट्टे दिसले, तर उरलेला पाला रोपांपासून ओढून घ्यायचा. मोठ्या झाडाखाली राहिला तरी हरकत नाही.

पानखताचं याच्या उलट आहे. त्याला पाऊस हवा, उन्हाळा नको. हे काम मुख्यतः बुरशी करते, सावकाश आणि फारसं गरम न होता. कोरड्या ढिगात ती वाढत नाही. मार्चमध्ये जाळीत भरलेला पाला जूनमध्ये उघडला तर जसाच्या तसा दिसतो आणि लोक म्हणतात, ‘आमच्याकडे होत नाही हे.’ होतं, पण भरतानाच भिजवावं लागतं. पाला एका घमेल्यात किंवा पिंपात बुडवून काढायचा, मग जाळीत दाबायचा. वरून पाईपने मारलेलं पाणी घसरून जातं, आत शिरत नाही. मूठभर पाला पिळल्यावर हाताला ओल लागली, पण पाणी ठिबकलं नाही, म्हणजे बरोबर. उन्हाळ्यात जाळीवर गोणपाट टाकून आठवड्याला ही परीक्षा करायची. जोराच्या पावसात मात्र वर पत्रा किंवा ताडपत्री हवी, नाहीतर ढीग गच्च होऊन सडका वास सुटतो. आत पांढरे धागे दिसले तर घाबरून फेकू नका, तीच आपली बुरशी.

तयार पानखताला जंगलातल्या मातीसारखा वास येतो आणि पान ओळखू येत नाही. ओल टिकली तर पुढच्या पानगळीपर्यंत ते हाताशी येतं, पण आंब्याच्या चिवट पानांना जास्त दिवस लागतात. अन्नद्रव्यं त्यात बेताचीच असतात. त्याची खरी किंमत पाणी धरून ठेवण्यात आहे, म्हणून कुंड्यांच्या मातीत ते सगळ्यात उपयोगी. ढीग तापत नसल्यामुळे तणाचं बी आणि रोगाचे बीजाणू मरत नाहीत. काळे ठिपके पडलेली गुलाबाची पानं त्यात घालू नयेत.

समजा एका बंगल्यात एक आंबा, एक बदाम आणि बोगनवेलीचं कुंपण आहे, आणि हंगामात वीस पोती सैल भरलेला पाला निघतो. यातली बारा पोती तुडवून चुरा केली की आठ फूट व्यासाच्या आळ्यात साधारण तीन इंचांचा थर होतो. म्हणजे निम्म्याहून जास्त पाला एका आंब्याखालीच संपला. उरलेल्या आठ पोत्यांसाठी तीन फूट उंचीची, दहा फूट लांबीची जाळी गोल वळवून बांधली की पुरते. उसाचं पाचट लवकर कुजावं म्हणून टनामागे ८ किलो युरिया सांगतात. त्या हिशोबाने या पस्तीस-चाळीस किलो पाल्याला ३०० ग्रॅमच्या आसपास पुरे. युरिया नको असेल तर भिजवायच्या पाण्यातच शेण कालवायचं. वर्षाने त्यातून दोन-तीन पोती खत निघेल.

राहिल्या फांद्या. या घरात त्या मे महिन्यात, पावसाआधीच्या छाटणीत निघतात. घरगुती विजेच्या श्रेडरवर चाळीस मिलिमीटर लिहिलेलं असलं तरी वाळलेल्या आंब्याची अंगठ्याएवढी फांदी त्याला जड जाते. हिरवी फांदी सहज जाते, म्हणून छाटल्यावर दोन-तीन दिवसांतच काम उरकायचं. नारळाच्या झावळ्या त्यात घालू नयेत, त्यांचे धागे पात्यांना गुंडाळून यंत्र अडकतं. कुणी कडबाकुट्टी वापरायचं सुचवतं. तिच्यात कोवळे हिरवे शेंडे जातील, पण लाकूड घातलं की पाती बोथट होतात आणि फांदी उसळून हात आत ओढला जायचा धोका असतो. मी तरी ते करू देणार नाही.

फांद्यांच्या चुऱ्याचा मोठा गुण असा की तो पावसात लगदा होत नाही. जूनमध्ये पाल्याचं आच्छादन खाली बसलं की त्याच्या जागी हा चुरा टाकावा, नाहीतर चिखल होणाऱ्या पायवाटेवर चार इंच पसरावा. फक्त तो मातीत मिसळू नका. लाकूड कुजवणारे जीव मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. वर पसरलेल्या चुऱ्याने हा त्रास होत नाही.

एका बंगल्यासाठी श्रेडर विकत घेणं मला पटत नाही. वर्षातून एखाद-दोन दिवसांचं ते काम आहे. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी छाटणी एकाच आठवड्यात ठरवून एक दिवस यंत्र भाड्याने आणावं. मनगटाएवढ्या फांद्या कोयत्याने आधीच तोडून जळणाला काढाव्यात, आणि बोगनवेल घालताना जाड हातमोजे आणि चष्मा घालावा. एकटंच घर असेल आणि बाग लहान असेल, तर बारीक फांद्या कोयत्याने वीतभर तोडून कुंपणाच्या कडेला ढीग लावला तरी चालतं. दोन-तीन पावसाळ्यांत तो बसतो.