शटरवरची जर्मन पाटी आणि फोटोवरून भाषांतर: काही महिन्यांच्या वापरानंतर

जर्मन दुकानांच्या बंद शटरवरच्या पाट्या वाचायला फोटो काढून भाषांतर करणारं अॅप मी गेले काही महिने वापरतोय. पूर्ण वाक्य असलेली सूचना ते बऱ्यापैकी सांभाळतं. गडबड होते ती वारांच्या आणि वेळांच्या तक्त्यात. म्हणजे नेमकी जी माहिती हवी असते, तिथेच.

जर्मनमध्ये वार दोन अक्षरांत लिहितात. गुरुवार म्हणजे ‘डी-ओ’, रविवार म्हणजे ‘एस-ओ’. भाषा आपोआप ओळखण्यावर ठेवली, तर एवढ्याशा अक्षरांवरून अॅपला अंदाज येत नाही आणि ते त्यांना इंग्रजी समजतं. मग गुरुवारच्या जागी ‘करा’ आणि रविवारच्या जागी ‘म्हणून’ असं काहीतरी उमटतं. मूळ भाषा स्वतः ‘जर्मन’ निवडली की यातलं बरंचसं सुटतं. एवढी एक सेटिंग बदलली तरी अॅपबद्दलचं मत बदलेल.

आता एक पाटी घेऊ. पहिली ओळ: सोम ते शुक्र, साडेनऊ ते साडेबारा आणि दोन ते सहा. दुसरी: बुधवारी दुपारनंतर बंद. तिसरी: शनिवारी नऊ ते एक. खाली हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला: सोमवार ५.८. ते शनिवार १७.८. दुकानाची सुट्टी, १९.८. पासून पुन्हा सुरू.

साडेनऊमधले तीस मिनिटं अशा पाट्यांवर बऱ्याचदा ९ च्या डोक्यावर बारीक अक्षरांत असतात. अॅपने त्याचे ‘९३०’ केले तर लक्षात येतं, पण बारीक आकडे गाळून नुसते ‘९’ ठेवले तर संशय येण्याचं कारणच नाही. बुधवारच्या ओळीत ‘दुपारनंतर’ हा शब्द संक्षेपात, शेवटी टिंब देऊन लिहिलेला असतो. तो सुटला की अख्खा बुधवार बंद. त्याहून वाईट म्हणजे ‘आउसर’, म्हणजे ‘सोडून’. शटरच्या दोन पट्ट्यांच्या खाचेत हा शब्द गेला, तर ‘बुधवार सोडून’ याचं ‘बुधवार’ होतं आणि अर्थ उलटतो. म्हणून भाषांतर पाहताना मी मूळ ओळीतले शब्द मोजतो. तिकडे चार आणि इकडे तीनच आले, तर तो भाग झूम करून पुन्हा फोटो.

हाताने लिहिलेल्या कागदाचं दुखणं वेगळं. जर्मन हस्ताक्षरात १ ला डावीकडे लांब शेपटी असते, तो सहज ७ वाटतो. खऱ्या ७ ला मध्ये आडवी रेघ असते. १७ चे ११ झाले तरी तारीख खरीच वाटते. इथे वार कामी येतो. १७ ऑगस्ट शनिवार असेल, तर ११ ऑगस्ट रविवार. पाटीवर शनिवार लिहिलंय, म्हणजे वाचन चुकलं. याच ताळ्याने जुनी पाटीही ओळखता येते. ५ ऑगस्टला सोमवार होता तो २०२४ मध्ये. २०२५ मध्ये त्या तारखेला मंगळवार होता. कागदावर वर्ष क्वचितच असतं आणि काढायला विसरलेले कागद मात्र असतात. तारखांतल्या टिंबांचंही पाहा: १.५. म्हणजे दीड नव्हे, १ मे.

मराठीत भाषांतर घेतलं की आणखी एक घोळ होतो. ‘रुहेटाग’ हा दर आठवड्याचा बंदचा वार, ‘फायरटाग’ ही सार्वजनिक सुट्टी आणि ‘बेट्रीब्सफेरिएन’ ही दुकानदाराने घेतलेली सलग सुट्टी. मराठीत तिन्ही ‘सुट्टी’ होऊन येतात. मी तोच फोटो इंग्रजीतही करून पाहतो, तिथे फरक बहुतेक टिकतो. तरी फायरटाग नेमके कोणते, हे अॅप सांगणार नाही, कारण ते पाटीवर नसतंच. काही सुट्ट्या ठरावीक राज्यांतच असतात, आणि २४ डिसेंबर तर कायद्याने सार्वजनिक सुट्टीच नाही, पण दुकानं दुपारीच बंद होतात. ती वेळ पाटीवर वेगळी लिहिलेली शोधावी लागते.

फोटोबद्दल थोडक्यात: फ्लॅश नको, पत्रा चमकतो. कागद पट्ट्यांवर चिकटवला की लाटा पडतात, तेव्हा तिरकं जवळ जाण्यापेक्षा समोरून दोन पावलं मागे येऊन झूम केलेलं बरं. कॅमेरा नुसता रोखून थेट भाषांतर पाहताना एखादा शब्द सारखा बदलत राहिला, तर त्याच्यावर अॅपचाच भरवसा नाही असं धरायचं. आणि भाषांतर कॉपी करू नका. वारांचा रकाना एकीकडे आणि वेळांचा दुसरीकडे अशी पाटी असली, तर कॉपी केलेल्या मजकुरात आधी सगळे वार आणि मग सगळ्या वेळा येतात. फोटोवरच छापून आलेल्या भाषांतरात निदान ओळी समोरासमोर राहतात.

पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला अर्धा तारा ‘बुधवार’साठी, बाकीचा एक त्या बारीक तिसासाठी.