क्रिकेट टूर्नामेंट की एकांकिका स्पर्धा? सांगलीतल्या छोट्या दुकानासाठी प्रायोजकत्वाचा हिशेब

विश्रामबागेत माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवाळी झाली की आमच्याकडे कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो आणि प्रायोजक शोधणारी मंडळी दुकानाच्या पायऱ्या चढतात. गेल्या हंगामात एकाच आठवड्यात दोन प्रस्ताव आले. एक, चार रात्री चालणारी टेनिस बॉल क्रिकेट टूर्नामेंट. दुसरी, दोन दिवसांची हौशी एकांकिका स्पर्धा, भावे नाट्यमंदिरात. मी दोन्हीकडे पैसे घातले आणि वर्षभर वहीत नोंद ठेवली. यंदा ज्यांना असा निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी तो हिशेब इथे मांडतो.

आधी एक गोष्ट वेगळी काढायला हवी. गल्लीतल्या मंडळाची पावती फाडतो, ती वर्गणी. त्या पोरांना आपण लहानपणापासून बघत आलोय, गल्लीत राहायचं आहे, म्हणून देतो. तिथे परतावा शोधू नये. पण रक्कम पंधरा-वीस हजारांवर गेली आणि समोरचा ‘तुमची जाहिरात होईल’ म्हणाला, की तो धंद्याचा खर्च झाला आणि त्याला धंद्याचाच प्रश्न विचारायचा. या दोन गोष्टी एका खिशातून करणाऱ्याला वर्षाच्या शेवटी काहीच कळत नाही. तोट्यातली जाहिरात ‘जाऊ दे, संबंध राहिले’ म्हणून सोडून दिली जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच केली जाते.

क्रिकेटवाल्यांनी वीस हजार मागितले. त्यात मैदानाच्या कडेला सहा फ्लेक्स, समालोचकाच्या तोंडून नाव आणि यूट्यूबवर थेट प्रक्षेपणात कोपऱ्यात लोगो. एकांकिकेच्या संयोजकांनी पंधरा हजार मागितले. त्यात कार्यक्रमपत्रिकेचं मागचं पान, पडदा उघडण्याआधी नावाची घोषणा आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत एक टेबल.

मागितलेली रक्कम म्हणजे पूर्ण खर्च नव्हे, हे पहिल्या खेपेला लक्षात येत नाही. फ्लेक्स आपणच छापून द्यायचे होते. दहा बाय चारचे सहा, बारा रुपये चौरस फुटाने २,८८०. हजार कूपनं छापली, १,५२०. ती वाटायला दुकानातला मुलगा चार रात्री मैदानावर, त्याचा भत्ता १,६००. क्रिकेट असं २६,००० ला पडलं. एकांकिकेला कूपनं १,००० ची आणि टेबलावर नजर तपासायला बसलेल्या ताईंचे दोन दिवसांचे ३,०००. ते १९,००० झालं.

आता मुख्य प्रश्न. ही रक्कम भरून निघायला किती नवीन गिऱ्हाईक लागेल? इथे बहुतेक जण विक्रीचा आकडा धरतात आणि फसतात. दोन हजारांचा चष्मा विकला म्हणजे दोन हजार परत आले नाहीत. फ्रेम, काचा, फिटिंग वजा जाऊन माझ्या हातात साधारण नऊशे उरतात. कूपनावर दोनशेची सूट होती, म्हणजे सातशेच. सव्वीस हजारांना सातशेने भागलं की अडतीस नवीन गिऱ्हाईकं. एकांकिकेच्या प्रेक्षकांत चाळिशी ओलांडलेली माणसं जास्त. त्यांना जवळचं आणि लांबचं एकाच काचेत लागतं आणि त्या काचेत सूट देऊनही मला सरासरी बाराशे उरतात. तिथे सोळा पुरे होते.

हा भागाकार पैसे देण्याआधी करायचा. अडतीस नवीन माणसं चार रात्रींच्या गर्दीतून खरोखर माझ्या दुकानात चढतील का, हे मनाशी विचारलं असतं तर मी तेव्हाच हात आखडता घेतला असता. पण मैदानावरची गर्दी पाहिली आणि मी भुललो.

गर्दी खरीच होती, पण ती काय बघत होती? दुसऱ्या रात्री मी स्वतः जाऊन उभा राहिलो. सहापैकी दोन फ्लेक्सांसमोर माणसं दाटीवाटीने उभी होती, त्यामुळे ते दिसतच नव्हते. एकावर फ्लडलाइटचा झोत इतका थेट पडत होता की अक्षरं पांढरी झाली होती. समालोचक माझ्या दुकानाचं नाव घेत होता, पण षटक संपल्यावर, आणखी सात दुकानांच्या नावांसोबत एका दमात. यूट्यूबवरचे प्रेक्षक भरपूर होते, पण त्यातला कोण विश्रामबागेत चष्मा घ्यायला येणार आणि कोण पुण्याहून गावची मॅच बघतोय, हे सांगायला काही मार्ग नाही.

नाट्यमंदिरात उलट घडलं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते याच गावात, आणि हौशी नाटकाला येणारा प्रेक्षक इथे अजूनही मनापासून येतो, पण मैदानाच्या मानाने थोडाच. मध्यंतरात लोक चहाला बाहेर आले. आमचं टेबल चहाच्या खिडकीशेजारी लावा, एवढं मी संयोजकांना हट्टाने सांगितलं होतं. रांगेत उभे असलेले एक काका कार्यक्रमपत्रिका वाचायला ती हळूहळू लांब नेत होते, शेवटी हात पूर्ण ताठ झाला. आमच्या ताई फक्त म्हणाल्या, “काका, बसा दोन मिनिटं, चहा घेतच बघू.” ते पुढच्या सोमवारी बायकोला घेऊन दुकानात आले. मागच्या पानावरच्या जाहिरातीपेक्षा पत्रिकेतल्या बारीक अक्षरांनीच जास्त काम केलं.

परतावा मोजण्याची पद्धत साधी ठेवली. दोन्हीकडची कूपनं वेगळ्या रंगाची, क्रिकेटची हिरवी, एकांकिकेची पिवळी. शिवाय कूपन नसलं तरी बिल करताना प्रत्येकाला ‘कुठून कळलं?’ विचारायचं आणि उत्तर त्याच ओळीत लिहायचं. नंतर विचारून उपयोग नाही, माणूस ‘असंच, माहीत होतं’ म्हणतो. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: मोबाइल नंबर जुन्या वहीत शोधायचा. आधीच आपला असलेला माणूस कूपन घेऊन आला, तर तो परतावा नाही. तो येणारच होता, आपण त्याला दोनशे रुपये उगाच सोडले. ते दोनशे खर्चात धरायचे.

तीन महिन्यांनी आणि वर्षाने वहीत हे होतं:

| | क्रिकेट | एकांकिका |
|---|---|---|
| एकूण खर्च | २६,००० | १९,००० |
| आलेली कूपनं | ४१ | १९ |
| त्यातले जुने | १३ | ६ |
| खरे नवीन | २८ | १३ |
| तीन महिन्यांत हातात | १२,६०० | १४,४०० |
| वर्षअखेर हातात | १८,००० | २१,४०० |

क्रिकेटच्या एक्केचाळीस कूपनांनी मी पहिल्यांदा खूश झालो होतो. पण नवीन अठ्ठावीसपैकी अकरा जणांनी फक्त गॉगल घेतला, त्यात मला तीनशेच सुटतात. बाकी सतरा जणांचे सातशेप्रमाणे ११,९००, गॉगलचे ३,३००, आणि जुन्या तेरा जणांना सोडलेले २,६०० वजा. एकांकिकेच्या तेराजणांचे १५,६००, त्यातून जुन्या सहांचे १,२०० गेले. म्हणजे तीन महिन्यांच्या आकड्यावर निकाल लावला असता तर दोन्ही तोट्यात होतं. वर्षात क्रिकेटमधून आलेल्या गिऱ्हाइकांनी सहा ओळखीचे पाठवले, नाटकातून आलेल्यांनी पाच. ते कूपनाशिवाय आले, त्यामुळे पूर्ण नफा धरला. एकांकिका २,४०० ने वर आली, क्रिकेट ८,००० ने खालीच राहिलं. चष्मा माणूस वर्षा-दोन वर्षांनी बदलतो, म्हणून माझ्या धंद्यात बारा महिने थांबणं भाग आहे. सँडविचची गाडी असती तर पंधरा दिवसांतच उत्तर मिळालं असतं.

एक सापळा इथल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावा. टूर्नामेंट जानेवारीत होती आणि त्या महिन्यात माझी एकूण विक्री चांगलीच वाढली. ती क्रिकेटमुळे वाढली असं मला आठवडाभर वाटत होतं. पण त्याच सुमारास कारखान्यांची ऊसबिलं जमा होत होती. ऊसबिल आलं की पलूस, तासगाव, वाळव्याकडची माणसं सांगलीत खरेदीला येतात, मग टूर्नामेंट असो वा नसो. म्हणून आदल्या महिन्याशी तुलना करून चालत नाही. गेल्या वर्षीचे तेच आठवडे काढावेत आणि दिवाळी, गणपती मध्ये येत असतील तर ते आठवडे सोडूनच द्यावेत. खरा भरवसा रंगीत कूपनावर आणि ‘कुठून कळलं’वर.

मग क्रिकेट वाईट का? माझ्यासाठी हो, सगळ्यांसाठी नाही. बॅट-बॉल विकणारा, जिम चालवणारा, बाइकचं गॅरेजवाला, भरती परीक्षेचा क्लास घेणारा, यांचं गिऱ्हाईक त्या मैदानावरच उभं असतं. क्लासवाल्याला एका विद्यार्थ्यामागे पाच हजार सुटत असतील तर सहा प्रवेशांत सव्वीस हजार फिटतात. त्याउलट साड्या, औषधं, सोनं, विमा, दातांचा दवाखाना, यांनी नाट्यगृहाचा किंवा गाण्याच्या मैफलीचा विचार आधी करावा. पण तिथेही नुसतं नाव देऊ नका. माझ्या पिवळ्या कूपनांपैकी जवळजवळ सगळी टेबलावरून गेलेली होती. टेबल मिळत नसेल तर मी पंधराऐवजी पाच हजारांवर थांबेन.

पैसे देताना काय ठरवावं, तेही सांगतो. आपल्याच धंद्यातला दुसरा प्रायोजक घेणार नाही, हे लिहून घ्या. माझ्या एका मित्राच्या फ्लेक्सशेजारी त्याच्याच समोरच्या दुकानाचा फ्लेक्स लागला होता. फ्लेक्स कुठे लागणार ती जागा दिवसा नव्हे, रात्री दिवे लावून बघा. रस्त्यावर लावणार असतील तर महापालिकेची परवानगी कोण काढणार ते विचारा, कारण फलकावर नाव तुमचं असतं. निम्मी रक्कम आधी, निम्मी कार्यक्रम झाल्यावर द्या. पावतीवर ‘देणगी’ नको, ‘जाहिरात’ लिहून घ्या, आणि रक्कम बँकेतून द्या. धंद्याच्या खर्चात एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिलेली रक्कम आयकरात खर्च म्हणून धरली जात नाही.

यंदा दोघेही पुन्हा आले. एकांकिकावाल्यांना पंधरा हजार दिले, टेबल पुन्हा चहाच्या खिडकीपाशी. क्रिकेटच्या पोरांना सांगितलं, “फ्लेक्स नको रे. सामनावीराला रोज एक गॉगल देतो, पण तो दुकानात येऊन घ्यायचा.” चार गॉगलांची मला पडणारी किंमत दोन हजारांच्या आत. पहिल्या रात्रीचा सामनावीर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, बरोबर संघातली सहा पोरं. त्यातल्या एकाला लांबचं अंधुक दिसत होतं आणि त्याने ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वहीत त्याच्या नावापुढे ‘कुठून कळलं’च्या रकान्यात ‘क्रिकेट’ लिहिलं आहे.